चुन्याचे दोन हात

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. बदलून आलेल्या कारकुनांनी गावातल्या खोल्या भरून गेल्या होत्या आणि त्यात दुष्काळ. कंधारहून आल्यावर महिनाभर वणवण केली, तेव्हा कुठे आम्हाला एक खोली मिळाली. घरमालक धान्याचे व्यापारी, सगळे त्यांना आप्पा म्हणत. अट एकच, घरात स्टोव्ह नको.

मी शहाणी. नवऱ्याच्या मागे लागून स्टोव्ह आणलाच. एका सकाळी तो भडकला. ओलं पोतं टाकून विझवला, पण भिंत, भांडी, गादी, सगळ्यावर रॉकेलची तेलकट काजळी बसली. आप्पा उदगीरला लेकीकडे गेले होते, पाच दिवसांनी येणार होते. त्यांना कळलं तर खोली जाणार, आणि दुसरी कुठून मिळणार?

घाईत मी भिंतीवर ओलं फडकं फिरवलं. काजळी निघण्याऐवजी पसरली. नवऱ्याने त्यावरच चुन्याचा हात मारला. दुसऱ्या दिवशी पिवळे-तपकिरी डाग चुन्यातून वर आले. शेजारची म्हातारी म्हणाली, "काजळीला पाणी लावायचं न्हाई, बाई. आधी कोरडंच झाडायचं."

मग सगळं कोरडं केलं. चुना खरवडला, खालची काजळी कोरड्या कुंच्याने आणि जुन्या फडक्यांनी काढली. भांडी आधी कागदाने पुसली, मग राखेने घासली. गादी दाराबाहेर झटकून पत्र्यावर टाकली. खोळ उसवून कापूस उन्हात पसरला, रोज खालीवर केला. उन्हाला तोटा नव्हता. हात दुखून आले, नाकातून काळं निघायचं, आणि जेवताना भाकरीलासुद्धा धुराचा वास यायचा. तिसऱ्या दिवशी मी भिंतीपाशीच बसून राहिले. उठवेना.

चौथ्या दिवशी पुन्हा चुना द्यायचा होता. पहिल्या हातातच एक घागर गेली होती, आणि टँकर दोन दिवसांनी यायचा होता. घरात पिण्याच्या पाण्याची एकच घागर उरलेली. नवरा तिला हात लावेना. मीच ती चुन्यात ओतली. तेव्हापासून शेजारून मागितलेल्या तांब्याभर पाण्यावर आम्ही दोघं होतो.

ठरल्या दिवशी आप्पा आले. भिंत स्वच्छ, वास जवळजवळ गेलेला. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं.

"दुष्काळात चुना मारलाव?"

मला खोटं सुचलं होतं, पण ते रेटायची ताकद उरली नव्हती. स्टोव्ह, काजळी, सगळं सांगून टाकलं. खोली सोडायला सांगतील याची वाट बघत मान खाली घालून उभी राहिले.

आप्पा रिकाम्या घागरीकडे बघत होते.

"चुना पाण्यात भिजवलाव," ते म्हणाले, "मग तुम्ही काय पिऊन राहिलाव?"

मला रडू आवरेना. त्यांनी दारातूनच बरोबर आलेल्या गड्याला हाक मारली आणि आपल्या घरातून आमची घागर भरून आणायला सांगितलं.