कोरड्या खुर्चीवर आत्ती

आमची आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण. जन्म सुताराच्या घरातला, लग्न होऊन गेली बोरगावला. अंगानं भरभक्कम आणि आवाजानं त्याहून. गेल्या वर्षी गल्लीतल्या एका लग्नात तिच्याखालच्या भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय फाकले आणि आत्ती मांडवात सपशेल उताणी पडली. लागलं फारसं नाही, पण मांडवभर हशा पिकला. तिला लागलं ते तेवढंच.

तेव्हापासून चारचौघांत खुर्चीवर बसणं तिनं सोडलं. खाली बसावं तर गुडघे उठू देईनात. मग समारंभाला जाणंच बंद झालं. ज्या बाईच्या हसण्यावरून कार्य कुठल्या घरात आहे ते कळायचं, ती घरात टीव्ही बघत बसू लागली. आणि आता तिच्या नातीचा, तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेल्या पोरीचा, साखरपुडा ठरला होता, तोही घरच्याच अंगणात. आत्ती मला फोनवर म्हणाली, "मी आत सैपाकघरात बसतो गं. बाहीर माझं काय काम हाय?"

माझं डोकंच फिरलं. फोन ठेवला आणि आप्पांना म्हटलं, "आत्तीला खुर्ची करायची. सागवानी. हातांची."

बेळगावजवळ मच्छेला आमचं पत्र्याचं शेड आहे. तिथं आम्ही तिघं: मी, माझा मोठा भाऊ अण्णा आणि आप्पा. आप्पांचा हात आता थरथरतो, म्हणून ते पटाशी धरत नाहीत. जीभ मात्र अजिबात थरथरत नाही. स्टुलावर बसून ते दिवसभर आमचं काम सोलत असतात.

खुर्चीचं सगळं मर्म मागच्या पायांत असतं. माणूस रेलतो, मागं झुकतो, तेव्हा बसकेच्या बाजूच्या पट्ट्या मागच्या पायातून उपसून निघायला बघतात. म्हणून पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, तिला आम्ही कूस म्हणतो, आणि ती पायातल्या खाचेत बसवायची. खाचा अण्णानं मशिनवर मारल्या, कुशी मी काढल्या. जोडून बघितलं तर पट्टी खाचेत खुळखुळत होती. खाचा रुंद झाल्या होत्या.

"पट्ट्या परत करूया," मी म्हटलं.

"काय गरज न्हाय," अण्णा म्हणाला आणि कपाटातून एक बाटली काढली. खडेबाजारातून आणलेला नवा गोंद. तो लावला की फेस येतो, फुगतो आणि फट भरून काढतो म्हणे. "दुकानदार कानडीत म्हणला, भाळ गट्टी! लई घट्ट धरतंय. मागं सरायचं न्हाय."

"फट भरंल रं, पण धरंल काय?" आप्पांनी विचारलं.

अण्णाला नव्या बाटलीचं कौतुक फार. मी भांडले, त्यानं ऐकलं नाही. गोंद ओतला, क्लॅम्प आवळले आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेला. सकाळी क्लॅम्प सोडले तर सांध्यातून पिवळा फेस बाहेर येऊन कडक झालेला. फट कुठं दिसेना. अण्णा माझ्याकडं बघून भुवया उडवायला लागला. आप्पा उठले, खालच्या आडव्या दांड्यावर पाय ठेवला, पाठीला धरून खुर्ची मागं ओढली. कर्रकन आवाज आला आणि पट्टी खाचेतून बाहेर. आतला फेस बत्ताशासारखा चुरत होता.

अण्णाचा चेहरा बघून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण लगेच मनात आलं, अशा खुर्चीवर आत्ती बसली असती तर?

गोंद दोन लाकडांना धरतो, पण त्यासाठी ती लाकडं एकमेकांना टेकायला हवीत. मधे गोंदाचा पातळ पापुद्रा राहिला तर सांधा लाकडाइतका मजबूत होतो. मधे फट असेल तर भार गोंदावर येतो आणि फुगलेला गोंद म्हणजे निम्मी हवाच. फट भरणारे दोन डब्यांचे पक्के रसायनी गोंदही मिळतात, पण आप्पा म्हणतात ते मोडलेलं जोडायला, नवं बिघडवायला नव्हे.

खाचा पटाशीनं खरवडून साफ केल्या. रुंद झालेली खाच काही अरुंद होत नाही, म्हणून पट्ट्याच नव्या घेतल्या आणि कुशी जाड ठेवल्या. मग एकेक कूस एकेका खाचेशी लावून तासायची. कागदासारखी साल काढायची, घालून बघायची, परत काढायची. आप्पांचं माप असं: कूस हातानं निम्मी आत जावी, उरलेली लाकडी हातोड्याच्या हलक्या टोल्यांनी. उलटं धरलं तर पट्टी गळून पडता कामा नये. पण फार घट्टही नको, नाहीतर गोंद तोंडाशीच पुसला जातो आणि आत कोरडंच राहतं. दांडगाईनं ठोकलं तर पाय उभा चिरतो तो वेगळाच. अण्णानंही चुपचाप पट्ट्या तासल्या आणि चांगल्या तासल्या. आमचा अण्णा हट्टी आहे, पण हात वाईट नाही.

गोंद कुठला यावर परत जुंपलीच. शेवटी साधा पांढरा ठरला. खुर्ची आडोशाला राहणार, पाण्यात नाही. आणि पांढरा गोंद जोडणी करून गुण्या लावून काटकोन बघायला उसंत देतो. सागवान तेलकट असतं, तेव्हा गोंद लावण्याआधी सांधे थिनरनं पुसून घ्यायचे. डब्यावर लिहिलेला वेळ कोरड्या हवेचा. बाहेर पावसाची झड लागली होती, लाकूडही दमट, हवाही दमट. तेव्हा क्लॅम्प रात्रभर ठेवायचे आणि पुढचा अख्खा दिवस खुर्चीवर कुणी बसायचं नाही. क्लॅम्पही बेतानं आवळायचा. सांधा जागेवर टेकला की बास. जास्त पिळला की गोंद सगळा बाहेर. वाकडा सांधा क्लॅम्पनं ओढून सरळ केला तर क्लॅम्प सोडल्यावर तो परत तोंड वासतोच.

पण गोंदाआधी एकदा सगळी खुर्ची कोरडीच जोडायची, ही आप्पांची रीत. दुपारी आम्ही ती जोडली. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी लावून बघितली, दोन्हीकडची मापं सारखी. बसकेची फळी ठेवली. खुर्ची फरशीवर चारी पायांवर उभी राहिली. अण्णा गोंदाचा डबा आणायला आत गेला, मी हात धुवायला मागच्या नळावर.

परत येते तर दारात गाडी आणि शेडमध्ये आत्ती! बेळगावला डॉक्टरकडं आली होती, जाताना पोरानं गाडी इकडं वळवली. ती खुर्चीभोवती फिरत होती. सुताराची लेक ती. पाठीला धरून खुर्ची हलवली, वाकून सांधे बघितले, बोटानं चाचपले. आणि मी तोंड उघडायच्या आत पदर सावरून बसली.

आप्पा स्टुलावर गोठले. अण्णा आतून डबा घेऊन आला आणि जागच्या जागी थिजला. त्यानं "आत्ती, अगं..." म्हटलं, तेवढ्यात मी त्याचा दंड असा दाबला की बिचारा कळवळला.

वर्षभरात पहिल्यांदा ती आमच्यासमोर खुर्चीवर बसली होती. आता "ऊठ, कच्ची आहे" म्हटलं असतं तर ती परत कधी बसली नसती, हे मला ठाऊक होतं. आणि खुर्ची निखळली असती तर मी आयुष्यभर स्वतःला माफ केलं नसतं. मी सांध्यांकडं बघितलं. मागच्या पायांतल्या कुशी माझ्या हातच्या होत्या, खाचेत कशा गेल्या ते बोटांना आठवत होतं. मी अण्णाचा दंड सोडला आणि चहा ठेवला.

आत्तीनं चहा पिता पिता व्याह्यांची नक्कल केली. होणाऱ्या जावयाच्या केसांवर बोलली. स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू आलं आणि ती पाठ मागं टाकून खदाखदा हसली, पूर्वीसारखी, सगळं अंग हलवून. अण्णानं डोळे मिटले. खुर्ची कुरकुरलीही नाही.

मग ती खुर्चीच्या हातावर थाप मारून म्हणाली, "लई ब्येस झालीया गं. गोंद कंचा घातलाय?"

आप्पा छताच्या पत्र्याकडं बघायला लागले.

"आत्ती," मी म्हणाले, "गोंद अजून घातलेलाच न्हाय. नुसती जोडून ठेवलीया."

ती हलायची थांबली. कप तसाच हातात. तिनं खाली बघितलं, उजवीकडच्या सांध्याकडं, मग डावीकडच्या. वाटलं, उठली आता.

आत्ती उठली नाही. कप बशीत ठेवला, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टाकले आणि आणखी मागं रेलली. "व्हय रं?" ती आप्पांना म्हणाली, "म्हंजी मला नुसत्या लाकडानं धरलंय?"

"धरलंय की आक्का," आप्पा म्हणाले. "गोंद वरसानुवरसं धरायला. उन्हाळा-पावसाळ्यात लाकूड आटतंय, फुगतंय, रोज डुलून डुलून सांधा ढिला हुतोय. ते हुऊ नये म्हणून गोंद."

"मग घाला की. पर मी हाय तवर नगं," आत्ती म्हणाली आणि दुसरा चहा मागितला.

ती गेल्यावर खुर्ची उकलायला आम्हाला ठोकळा लावून ठोकावं लागलं, आणि ठोकताना आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत होतो. अण्णानं सांधे थिनरनं पुसले, मी गोंद लावला, आप्पांनी क्लॅम्प किती आवळायचे ते ओरडून सांगितलं.

साखरपुड्याला आत्ती अंगणातल्या मांडवात सगळ्यांच्या पुढं बसली होती, नवी नऊवारी नेसून, सागवानी खुर्चीत. व्याही आले तेव्हा उठून नमस्कार केला आणि सगळ्यांच्या देखत परत बसली. विधी झाले. फोटोवाल्यानं घरच्या माणसांना तिकडं सजवलेल्या पडद्यापुढं गोळा केलं आणि लांबून हाक मारली, "आजी, उठून हिकडं या."

"मी न्हाय उठत," आत्ती म्हणाली, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात. "तुमीच या हिकडं."

फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला. नवरा-नवरी पडदा सोडून आले आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.