दोन खोल्या, माणशी अठराशे

भैयाजींना आयुष्यात कोणाला जेवणाचे पैसे मागता आले नाहीत, आणि कोणाला नाहीही म्हणता आलं नाही. त्यांचं गाव आर्वीपासून आत, घर नेमकं रस्त्यावर. ज्याची जीप बंद पडे तो त्यांच्या ओसरीवर जेवून जाई. जनावरांचे डॉक्टर जेवले, कापसाचे व्यापारी जेवले. एका निवडणुकीत तर दोन विरुद्ध पक्षांचे उमेदवार एकाच पंगतीत जेवून गेले आणि भैयाजी आपलेच, अशी दोघांचीही खात्री झाली. भाकरी थापायला पत्नी सुमित्राबाई होत्या, त्यामुळे आदरातिथ्याचं सगळं श्रेय भैयाजींना मिळालं.

त्यांच्याकडे दुसरी कला होती ती लग्नपत्रिकेची. गावातली एकही पत्रिका त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसे. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणता मामा रुसेल, कोणाला ‘व्यवस्थापक’ केलं की गप्प बसेल, हे शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं. म्हणूनच सून आकांक्षाने होमस्टे काढायचं ठरवलं आणि रीलखाली टाकायचा मजकूर लिहायची वेळ आली, तेव्हा लेखणी आपोआप सासऱ्यांकडे गेली.

आकांक्षा वर्धेची, हिशेबी आणि हुशार. नवरा पुलगावला नोकरीवर, सासरा सगळ्या तालुक्याला फुकट जेवू घालणारा. तिने विचार केला की जेवायला तर लोक येतातच, मग निदान पैसे देणारे येऊ देत. रस्त्याकडच्या दोन खोल्या तिने रंगवल्या, संडास-बाथरूम बांधून घेतलं, पर्यटन खात्याकडे रीतसर नोंदणी केली. मग रील काढली. त्यासाठी जन्मभर पँट-शर्ट घातलेल्या भैयाजींना धोतर-फेटा चढवला आणि शेजारच्या कवडूच्या बैलगाडीवर बसवलं. भैयाजींचा स्वतःचा ट्रॅक्टर मागे दिसत होता, त्याच्यावर ताडपत्री टाकली. शहरातल्या पाहुण्यांना खेडं दाखवायचं, तर खेड्यातलं बरंच काही झाकावं लागतं.

भैयाजींनी मजकूर लिहायला दोन दिवस घेतले. सुरुवात होती, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून दोन खोल्यांचा होमस्टे करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन आम्हांस उपकृत करावे.’ खाली आजोबांपासून सगळ्यांची नावं, मग ‘आमच्या होमस्टेला यायचं हं’ असं नातीच्या नावाने. नात अजून झालेली नव्हती.

“बाबा, एवढं घेतच नाही ते. बावीसशे अक्षरांच्या वर गेलं की अडतं,” आकांक्षा म्हणाली. “आणि आधी फक्त पहिली ओळ दिसते. बाकीचं वाचायला बोट लावावं लागतं. पहिल्या ओळीत श्रीकृपा टाकली तर बोट कोण लावेल?”

“आन् भाव कायले टाकते व त्याच्यात? जेवनाचे पैसे सांगतात का कोनाले?”

“नाही सांगितले तर शंभर जण ‘किती?’ विचारतात, आणि येत कोणीच नाही.”

शेवटी तिनेच लिहिलं. वरती, ‘नागपूरहून सुट्टीत कुठे जायचं? घरच्यासारखे या.’ मग खोल्या दोन: पहिली ‘तुरीची खोली’, चार जणांची. दुसरी ‘आत्याची खोली’, दोघांची, जुन्या पेटीसह, अस्सल गावाकडची सजावट. जेवण तिन्ही वेळचं, चुलीवरची भाकरी, भरीत, बेसनाच्या पातोडीचा रस्सा, ठेचा. करायला काय: बैलगाडी, कापूस वेचणं, चुलीवर भाकरी शिकणं, संध्याकाळी शेकोटीवर उकडलेल्या तुरीच्या शेंगा. दर एका रात्रीचा माणशी अठराशे, सगळं धरून, पाच वर्षांखालचं लेकरू फुकट. नोंदणीसाठी तारीख आणि माणसं व्हॉट्सअॅपवर कळवा, निम्मी रक्कम आगाऊ, येताना आधार कार्ड. आर्वी बसस्टँडवरून घ्यायला येऊ.

रस्त्याकडच्या त्या दुसऱ्या खोलीला घरात सगळेच आत्याची खोली म्हणत. आकांक्षाला ते नाव गोड वाटलं, शहरातल्या लोकांनाही वाटेल असं वाटलं. त्या नावातली आत्या पुलगावजवळच्या नाचणगावात धडधाकट आहे आणि तिच्याही हातात मोबाईल आहे, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

छाया ही भैयाजींची धाकटी बहीण. तिची दोन्ही बाळंतपणं त्याच खोलीत झाली. लग्नानंतर तीस-बत्तीस वर्षं दिवाळीला आणि संक्रांतीला ती यायची, न विचारता पिशवी त्या खोलीत टाकायची आणि स्वयंपाकघरात शिरून वहिनीच्या डब्यांची जागा बदलायची. रीलमधली जुनी पेटी तिचीच होती. आत तिच्या लेकरांच्या गोधड्या होत्या, वर आता पितळेचा तांब्या आणि प्लास्टिकची सूर्यफुलं होती.

आठ दिवसांनी पहिली नोंदणी आली. ‘निशांत’ नावाने, एका माणसासाठी, दोन रात्री, आत्याचीच खोली. निम्मी रक्कम लगेच जमा झाली. आकांक्षाने पेढे वाटले. भैयाजींनी फेटा बांधला आणि पाहुण्याचं नाव लिहिलेली पाटी घेऊन आर्वीच्या स्टँडवर उभे राहिले. पुलगावची बस लागली. त्यातून छाया उतरली.

“अरे वा! तू कुठी निघाली?” भैयाजी म्हणाले.

“तुह्याच इकडे. निशांत माह्या शेजारनीचा पोरगा हाय, त्याच्या मोबाईलवरून केलं.” तिने पाटीकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं. “चला. घ्यायले येतो असं लिहिलं होतं ना?”

भैयाजींना वाटलं थट्टा आहे. घर येईपर्यंत त्यांना वाटत राहिलं. घरी आल्यावर तिने ओसरीवर थांबून आधार कार्ड पुढे केलं आणि आकांक्षाने रजिस्टरमध्ये नाव लिहीपर्यंत चप्पल काढली नाही. थट्टा नाही हे कळून त्यांनी हातातली पाटी भिंतीकडे फिरवून ठेवली.

पुढचे दोन दिवस तिने मजकुरातली एकेक ओळ वसूल केली. जेवायला पाटावर बसली ती जागची हलली नाही. पाणीसुद्धा मागून घेतलं. पातोडी उत्तम झाल्याचं तिने सांगितलं, ‘धन्यवाद’सुद्धा म्हणाली. तिच्या तोंडून धन्यवाद ऐकून सुमित्राबाईंच्या हातातलं वाढणं थांबलं. दुपारी भाकरीचा वर्ग. ज्या छायाने नव्या नवरीला परातीपुढे बसवून भाकरी फिरवायला शिकवली होती, तिला आता सुमित्राबाई सांगत होत्या, “पानी असं लावा बाप्पा, छायाबाई.” छायाने मुद्दाम वाकडी भाकरी थापली आणि विचारलं, “बराबर हाय का मॅडम?” सुमित्राबाई चुलीच्या धुराचं निमित्त करून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी कापूस. कमरेला कापसाची झोळी, म्हणजे ओटा, बांधून छाया कपाशीच्या तासात उतरली, तेव्हा शेजारच्या ओळीतली कांता मजुरीण बघतच राहिली. “भैयाजी, आमाले वेचाचे पैसे भेटते. छायाबाईले द्या लागते का?” भैयाजींनी फेटा सारखा केला. असा प्रश्न पर्यटन खात्याच्या अर्जातही नव्हता.

शेकोटीपाशी त्यांना राहवलं नाही. “काऊन असं करून राह्यली व? चुकलं असंन तं शिव्या दे.”

“शिव्या घरचे देतात.” छाया शेंग सोलत म्हणाली. “मी घरची होती, भाऊ. तुमी लिहिलं, घरच्यासारखे या. तं मी घरच्यासारखी आली.”

भैयाजींना खरंच वाईट वाटलं. चाळीस वर्षं वाटेवरच्या परक्या माणसाला आपण घरचं केलं, आणि घरच्या माणसाची खोली देताना तिला एक फोन केला नाही. पत्रिकेत कोणता मामा रुसेल हे साऱ्या गावाचं सांगणारा माणूस, स्वतःच्या बहिणीला मोजायचंच विसरला होता. सगळ्या शेंगा ते तिच्याकडे सरकवत राहिले.

निघायच्या दिवशी छायाने बाकीचे पैसे पाटावर ठेवले. सुमित्राबाई ओटीचं ताट घेऊन आल्या. नारळ, गहू, खण, हळदीकुंकू.

“याचे किती?” छाया म्हणाली. “त्या लिहिल्यात हे नाई दिसलं.”

सुमित्राबाई ताट घेऊन होत्या तिथेच थांबल्या. आकांक्षा पुढे झाली. तिचे डोळे भरले होते.

“आत्या, चूक माझी. मला नाव आवडलं म्हणून टाकलं. खोली काढून टाकते त्यातून. आत्ता.”

“वेडी हाय का तू? काढतं कोन?” छाया एकदम चिडली, आणि हे चिडणं जुनं, ओळखीचं होतं. “खोली रिकामी ठेवून काय कराचं, पोतीच भरतीन हे. भाड्यानं दे की. पन मले विचाराचं तं होतं! मी कधी येतो, तेवढं तं ठावं हाय ना घरात?”

मजकूर टाकल्यावरही बदलता येतो. आकांक्षा तिथेच उभी राहून लिहू लागली. भैयाजी तिला सांगू लागले, “लिही, दिवाळी व संक्रांत या शुभप्रसंगी सदर खोली...”

“तू थांब, भाऊ,” छाया म्हणाली. तिने चष्मा लावून वाचलं. “‘उपलब्ध नाही’ नको लिहू. ‘आत्या येते’ असं लिही. आन् ते फुलं काढ पेटीवरून, मले आतल्या गोधड्या पायजे.”

ओळ गेली: ‘दिवाळीत आणि संक्रांतीला आत्याची खोली मिळणार नाही. तेव्हा आत्या येते.’ त्यावर संध्याकाळपर्यंत आधीच्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त प्रतिक्रिया आल्या. आत्या असतानाच राहायचं आहे, जास्त पैसे देऊ, असं नागपूरच्या तिघांनी कळवलं. पण ते नंतर.

तेव्हा छायाने पदर पसरला. सुमित्राबाईंनी नारळ घातला, गहू घातले. भैयाजींनी पाटावरच्या नोटा उचलल्या, होमस्टेची पहिली कमाई, आणि हळूच ओटीत सरकवायला गेले.

छायाने हात धरला. “ते नोको, भाऊ. ते पाहुनीचे हाय, ते ठेव. मले तुह्या खिशातले टाक.”

भैयाजींनी खिसा चाचपला. सगळ्या तालुक्याला जेवू घालणाऱ्या माणसाच्या खिशात असतं तेवढंच त्यांच्या खिशात होतं, वीसची एक चुरगळलेली नोट. त्यांनी ती ओटीत टाकली. छायाने पदर दोन्ही हातांनी घट्ट आवळला आणि वहिनीला म्हणाली, “मिठाचा डबा काऊन हलवला व तुमी? जाग्यावर ठेवजा.”