घंटेचा मेंढा

वहिनीने कळपाच्या पुढे चालणाऱ्या, गळ्यात घंटा असलेल्या मेंढ्याची शेपटी उचलली. खालच्या उघड्या कातडीवर लाल, टणक गाठी होत्या. तशाच मांडीच्या आत आणि ओठांवर. अंग तापलेलं.

"काटे टोचले असतील," मेंढ्याची पाठ थोपटत दीर म्हणाला. "पाठ साफ आहे, बघा."

"लोकरीत काय दिसणार, भावजी? ही मेंढ्यांची देवी आहे, एकाची दुसऱ्याला लागते. हा आजपासून वेगळा."

"मग कळप चालणार कुणाच्या मागे? याची घंटा वाजल्याशिवाय एक मेंढी हलत नाही. आज सगळे सामाईक कुरणावर जाणार आहेत."

"आपला कळप जाणार नाही. दुसऱ्यांच्या मेंढ्यांत आजार पसरवायचा आहे का?"

तिने मेंढ्याला लांबच्या गोठ्यात बांधलं, त्याचं चारा-पाणी वेगळं केलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन आजार पक्का केला आणि निरोग्या मेंढ्यांना लस टोचली.

"आता न्या यांना चरायला," दीर कुत्सितपणे म्हणाला.

वहिनीने हात धुऊन लुगडं बदललं, औषधाच्या पाण्यात धुतलेली मेंढ्याची घंटा कमरेला बांधली आणि घरच्याच माळाकडे निघाली. घंटा वाजली तसा कळप तिच्यामागे चालू लागला.

"भावजी, तुम्ही मागून हाका," ती वळूनही न बघता म्हणाली. "पण आधी साबणाने हात धुऊन, कपडे बदलून या."