हरवलेला एक तृतीयांश

एम. एस्सी.चा प्रबंध मद्रासला पाठवायला तीन आठवडे उरले होते तेव्हा माझ्या हिशेबातून एक तृतीयांश पदार्थ नाहीसा झाला.

मी तेव्हा कुंभकोणमच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. घरात आमची जुन्या वळणाची मराठी, गल्लीत तमिळ आणि प्रबंधात इंग्रजी असा व्यवहार होता. त्यात इंग्रजीवरच माझी नोकरी अवलंबून होती. पदवी मिळाली तर लेक्चररची जागा; नाही तर एप्रिलअखेर घरी.

विषय असा. आज जिला सायक्लिक व्होल्टामेट्री म्हणतात, तिला तेव्हा आमच्याकडे धड नाव नव्हतं. पोटॅशियम फेरिसायनाइडच्या पिवळ्या द्रावणात प्लॅटिनमची तार बुडवायची आणि तिचा विद्युतदाब ठरावीक वेगाने उतरवत न्यायचा. तारेपाशी फेरिसायनाइड इलेक्ट्रॉन घेऊन फेरोसायनाइड होऊ लागतं, प्रवाह चढतो. पण तारेजवळचा साठा सरतो, नवा माल दूरवरून संथपणे झिरपत येतो, म्हणून प्रवाह शिखर गाठून खाली येतो. मग दाब उलटा चढवायचा. नुकतंच झालेलं फेरोसायनाइड इलेक्ट्रॉन परत देतं आणि शून्यरेषेच्या पलीकडे दुसरं शिखर उमटतं. फेरि-फेरोची ही जोडी खरोखर उलटसुलट होणारी, म्हणजे जाऊन तशीच परतणारी असेल तर दोन शिखरांमध्ये साठ मिलिव्होल्टच्या आसपास अंतर हवं आणि दोन्हींची उंची सारखी हवी. माझं अंतर बासष्ट आलं होतं. उंची मात्र जातानाच्या शिखराची बासष्ट मिलिमीटर आणि परतीची एक्केचाळीस.

उपकरण घरगुती होतं. चावीच्या ग्रामोफोनची मोटार दाब बदलणारी चकती फिरवायची. टोकाला पोचलं की मी खटका ओढायचो आणि चकती उलट फिरायची. प्रवाह म्हणजे गॅल्व्हानोमीटरच्या आरशातून पट्टीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका. आमचे प्रयोगशाळेतले अटेंडंट, पन्नाशीचे गृहस्थ, स्टॉपवॉच धरून दर दोन सेकंदांनी आकडा पुकारायचे आणि मी ठिपक्याची जागा लिहायचो. द्रावण हलू नये म्हणून पंखा बंद, दारं बंद. अटेंडंट शर्ट काढून बसत. मला ती मुभा नव्हती. मी संशोधक होतो.

माझे मार्गदर्शक प्राध्यापक फेटा बांधून शिकवत आणि साध्या गोष्टीला साधं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. एक्केचाळीसचा आकडा पाहून ते नाराज झाले नाहीत, उलट खुलले.

"एक तृतीयांश फेरोसायनाइड पुढच्या एका रासायनिक क्रियेत नष्ट होतं," ते म्हणाले. "लिहा. हा शोध आहे."

"सार, पण ते नष्ट होऊन जाईल कुठे? बाटलीत महिनाभर ठेवलं तरी काही होत नाही त्याला."

"बाटलीत प्लॅटिनम असतं का?"

नसतं. मी लिहिलं. त्यांनी वाक्यात तीन विशेषणं घातली आणि टायपिस्टने तीन प्रतींत ते उमटवलं.

पण ते वाक्य मला गिळवेना. पदार्थ खरंच नष्ट होत असेल तर ही जोडी उलटसुलट होणारी नव्हेच, आणि माझ्या प्रबंधाचं नावच ती तशी आहे असं सांगत होतं. पहिल्या पानावर एक, चाळिसाव्या पानावर त्याच्या विरुद्ध. परीक्षक झोपाळू असला तरच मी वाचणार होतो, आणि मद्रासहून येणाऱ्या या परीक्षकाची ख्याती तशी नव्हती.

मी पुन्हा वह्या काढल्या. पाच फेऱ्या, पाचही वेळा तोच दोन तृतीयांशाचा हट्ट. सहाव्या फेरीवर मी लाल पेन्सिलीने काट मारली होती. त्या दिवशी ऐन वळणाच्या टोकाला मोटारीची चावी संपली. चकती थांबली, दाब तिथेच अडकला. पण अटेंडंटना कोणी थांबा म्हटलं नव्हतं, म्हणून ते आकडे पुकारतच राहिले. आणि पुकारलेला आकडा लिहायचा या सवयीने मीही लिहीतच राहिलो. चांगला मिनिटभर. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"तंबी, गाडी कधीच उभी राहिली," ते म्हणाले होते. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ; मला ते तशीच हाक मारत.

"मग तुम्ही का पुकारताय?"

"तुम्ही लिहीत होतात."

ती बाद फेरी मी आता नीट वाचली. दाब जागच्या जागी असूनही प्रवाह शून्यावर गेला नव्हता. संथपणे ओसरत होता. अर्थातच. शिखर ओलांडल्यावर दाब किती हे महत्त्वाचं उरत नाही; दूरवरून माल किती झिरपतो एवढंच उरतं, आणि ते फक्त वेळेवर ठरतं. म्हणजे परतीच्या वाटेवरसुद्धा ही जुनी ओसरण आतून चालूच असते. परतीचा प्रवाह तिच्यावर स्वार होऊन उलट दिशेने जातो. मी त्याची उंची शून्यरेषेपासून मोजली होती. खड्ड्यात उभ्या माणसाची उंची रस्त्यापासून मोजावी तसा तो प्रकार.

आलेख दाबाऐवजी वेळेवर मांडला. त्याखाली बाद फेरीची ओसरण तुटक रेषेने काढली. परतीचं शिखर ज्या सेकंदाला येत होतं तिथे ओसरण शून्याच्या वर वीस मिलिमीटर होती. एक्केचाळीस आणि वीस, एकसष्ट; जातानाचं शिखर बासष्ट. मी तीनदा बेरीज केली. शाळेनंतर एवढ्या भक्तिभावाने मी बेरीज केलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कागद प्राध्यापकांपुढे ठेवला. त्यांनी खिशातून पितळी डिव्हायडर काढला, टोकं तुटक रेषेवर ठेवली, शिखरावर ठेवली, पुन्हा ठेवली.

"ही फेरी तर तुम्ही बाद केली होती."

"हो सार. चुकून चालू राहिली."

"चुकून नव्हे. नियंत्रण म्हणून, तुलनेसाठी घेतली," ते म्हणाले. आपल्या वाक्याकडे त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि ते स्वतःच खोडलं. विशेषणं खोडताना त्यांचा हात जरा रेंगाळला, पण खोडलं. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल खरा आदर वाटला. त्यांनी तो दोन मिनिटांत कमी केला: "शून्यरेषेबद्दल मला पहिल्यापासून शंका होतीच."

चार पानं पुन्हा टाइप झाली आणि प्रबंध वेळेत गेला.

तोंडी परीक्षेला परीक्षक आले तेव्हा स्टेशनवर हार, कॉलेजच्या दारात हार, आणि प्रिन्सिपॉलांचं स्वागताचं भाषण माझ्या प्रबंधापेक्षा जरा लहान. ते संपल्यावर परीक्षकांनी हार काढून खुर्चीच्या पाठीला अडकवले आणि सरळ चाळिसावं पान उघडलं.

"दुसरं शिखर कुठून मोजलंत?"

मी तुटक रेषेवर बोट ठेवलं आणि ती कशी मिळाली ते सांगितलं. चावी संपल्याचंही सांगितलं. प्राध्यापक खोकले.

"शून्यरेषेपासून का नाही?"

"कारण तिथे जमीन नाही सार. जुना प्रवाह अजून ओसरत असतो."

परीक्षकांनी मान डोलावली आणि खाली सही केली. पुढचा अर्धा तास ते प्राध्यापकांशी मद्रासच्या पाणीटंचाईवर बोलत होते. मला बसायला सांगितलं होतं, म्हणून मी बसून होतो.

बाहेर आलो तेव्हा अटेंडंट व्हरांड्यात उभे होते. माझ्या चेहऱ्यावरूनच त्यांनी निकाल ओळखला. आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात गेलो. एवढ्या दिवसांत अन्नाला चव असते हे मी विसरलो होतो. चार इडल्या खाल्ल्या, मग दोन, मग आणखी दोन, आणि अटेंडंट प्रत्येक वेळी शांतपणे पुढचा आकडा पुकारत गेले.