चैतरामच्या फळीवरची काळ्या दोऱ्याची बाटली

नवेगाव बांधच्या शेतकरी कंपनीत मंजूताईचं काम कागदोपत्री हिशोबाचं. पण गाव तिला ओळखतं ते औषधाच्या पुड्या वाचणारी म्हणून. कीटकनाशकाच्या पुडीवरची अक्षरं मुंगीएवढी, त्यातून निम्मी इंग्रजीत. शेतकरी फोटो पाठवतो, मंजूताई चष्मा कपाळावर चढवून तो बोटांनी मोठा करते आणि गावच्या बोलीत बोलून पाठवते. फोनवर तिचा आवाज लागला की नवरे बायकांना चिडवतात, "आईक वं, रेडिओ लागला!" मोबाइलमधलं यंत्रही भाषांतर करतं म्हणा. पण ते म्हणतं, 'संरक्षक पेहराव परिधान करावा.' आता असा पेहराव कोणत्या दुकानात मिळतो?

पोळ्याच्या आदल्या दिवशी चैतरामचा फोटो आला. धानावर खोडकिडा पडला होता. फोटोत पुडी मुडपलेली, नेमकी मात्रेची ओळ घडीत गेलेली. मंजूताईनं फोन लावला.

"चैतरामभाऊ, पुडी सपाट करून फोटो धाडा जी. मात्रा दिसून नाही रायली."

"मात्रा कायले पायजे? एक किलोची पुडी, एकरभर धानाची बांधी. झाला हिशोब!"

"मंग मले फोटो कायले धाडला?"

"घरवालीनं, गीताबाईनं धाडाले लावला. मागच्या साली फवारून आलो तं रातभर ओकलो ना."

दुसरा फोटो आला. हेक्टरी एक किलो, पाचशे लिटर पाण्यात. मंजूताई तसंच बोलणार होती, पण थबकली. या गावात हेक्टर कोण बोलतं? सातबाऱ्याबाहेर तो शब्दच नाही. ती 'हेक्टर' म्हणेल, चैतराम 'एकर' ऐकेल, आणि अडीचपट विष बांधीत जाईल. शब्द बरोबर असून सांगणं चुकेल.

"भाऊ, हेक्टर म्हणजे अडीच एकर. तुमच्या एकराले चारशे ग्राम, दोनशे लिटर पाण्यात. पंधरा लिटरच्या पंपाले तीस ग्राम. मुठीनं नाही, मोजून."

"तीस ग्राम," चैतराम पलीकडे पुटपुटला.

"बांधीतलं पाणी बोडीत सोडू नका, मासे मरतेत. रबरी हातमोजे, नाकातोंडाले मास्क, डोळ्याले चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुलपँट, पायात गमबूट."

"लगीन आहे का माझं?" चैतराम हसला. "एवढं घालून गेलो तं बैल बुजतीन!"

"बुजू द्या. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, नोझल तोंडानं फुकू नका. आन् फवारतानी खर्रा बंद."

"खर्रा बी? हे पुडीवर लिवलं आहे?"

"खाऊ नका, पिऊ नका, तंबाकू नका, असं लिवलं आहे. खर्रा मी जोडला."

बोलता बोलता तिचं बोट फोटोच्या कडेला गेलं. पुडी फळीवर होती. शेजारी मिठाचा डबा. त्याच्या मागे पाण्याची प्लास्टिकची बाटली, आत दुधासारखं काहीतरी, गळ्याला काळा दोरा.

"भाऊ, ती बाटली कशाची?"

"मागच्या सालचं उरलेलं औषध. डबा फुटला होता. दोरा बांधला ना! घरात सबाईले मालूम आहे, दोरा म्हणजे जहर."

चैतराम अभिमानानं सांगत होता. खूण त्याचीच, आणि इतकी वर्षं कुणी चुकलं नव्हतं.

"उद्या घरी कोण येऊन रायलं?"

"आचल. रायपूरवरून, मायसंग. लेकरांच्या तान्ह्या पोळ्याले नात येते ना! लाकडी नंदी सजवून ठेवला तिच्यासाठी."

"लहान लेकरू ते. तिच्या हाताले काय बांधता तुमी?"

"काळा दोरा. नजर लागू नये म्हणून. गीताबाईनंच..." चैतरामचा आवाज तिथंच थांबला.

मग पलीकडून चैतरामनं बायकोला हाक मारली, भांडं पडल्याचा आवाज आला, आणि फोन कटला.

ती खुर्चीत बसून राहिली. पुडीवर एवढंच होतं: मूळ वेष्टनात, कुलूपबंद, अन्न, चारा आणि मुलांपासून दूर ठेवा. हे वाक्य तिनं कितीदा तरी बोलून पाठवलं असेल. चैतरामनंही ऐकलं असणार, आणि त्याला वाटलं असणार की दोरा बांधून आपण ते पाळलंच.

संध्याकाळी तिसरा फोटो आला. पंपाच्या खोलीतली लोखंडी पेटी, तिला कुलूप, अर्ध्या चित्रावर चैतरामचा अंगठा. सोबत त्याचा आवाज: "पुडी आन् बाटली दोनी अंदर टाकल्या. हात साबनानं धुतले. बाटलीचं काय करू?"

"ते फवारू नका, बोडीत बी ओतू नका. कृषी सहायक गजेंद्रभाऊले विचारून सांगीन. तवरोक कुलपातच."

"किल्ली गीताबाईच्या कमरेले आहे. आता मले बी मागूनच भेटन!"

तेव्हापासून मंजूताई 'मुलांपासून दूर ठेवा' ही ओळ वाचते तेव्हा पुडीवर नसलेलं एक वाक्य जोडते. "भाऊ, खुणेवर भरोसा ठेवू नका. पावण्या लेकराले आपल्या घरच्या खुणा मालूम नसतेत."