आता ओरडायला नको

कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर माझी छोटी खोली आहे. तिथं बसून मी परदेशी मालाला मराठी बोलायला शिकवते. मुंबईची जाहिरात कंपनी इंग्रजी ओळ पाठवते, मी मराठी करून देते. हे भाषांतर आहे असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भाषांतर करणारे पुष्कळ आहेत. मला ओळ पुन्हा जन्माला घालावी लागते.

त्या खेपेला माल होता कानाचं मशीन. एकही क्षण निसटू देऊ नका, अशा अर्थाची त्या परदेशी कंपनीची ओळ जगभर चालली होती. सोबत सूचना होत्या: दया नको, म्हातारपण नको, बहिरेपणाचं नाव नको. वाचणाऱ्याला आपल्या माणसांत परत येऊन बसल्यासारखं वाटलं पाहिजे. तीन पर्याय द्यायचे आणि प्रत्येकाचं इंग्रजीत उलट भाषांतर, म्हणजे मराठी न येणाऱ्या साहेबांनाही ते तपासता येतं.

'एकही क्षण गमावू नका' लिहिलं, तर साड्यांच्या सेलचे शेवटचे दोन दिवस उरल्यासारखं वाटलं. 'प्रत्येक क्षण ऐका' लिहिलं. मराठी माणूस क्षण जगतो, क्षण आठवतो. क्षण ऐकताना मी तरी कुणाला पाहिलेलं नाही.

खरं तर गिऱ्हाईक माझ्या घरातच होतं. आबा, माझे वडील, साखर कारखान्यात उसाच्या चरकाशेजारी नोकरी करून रिटायर झालेले. ऐकणं कमी होत गेलं तसं त्यांनी बोलणंही कमी केलं. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना मशीन आणून दिलं होतं. चार दिवस घातलं आणि डबीत घालून कपाटात ठेवून दिलं. घरात पाहुणे आले की आबा कोपऱ्यात बसत. सगळे हसले की मागून हसत. ते हसू मला बघवत नसे.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आबा, प्रत्येक क्षण ऐका! कसं वाटतंय?"

"क्षण कोण ऐकतंय गं?" आबा म्हणाले. "माणसं बोलत्यात त्येचं बघ की."

"मग मशीन का घालत नाही?" माझा आवाज अजून चढला.

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "सगळी माझ्यावर वरडत्यात. जेवा म्हणून वरडत्यात, झोपा म्हणून वरडत्यात. मला वाटतं माझंच कायतरी चुकलंय. त्यात आन ते मशीन घालून अजून मोठ्यानं ऐकायचं व्हय?"

मी हादरले. आम्ही कोल्हापूरची माणसं, आमची मायाही चार घरांपलीकडं ऐकू जाते. मला वाटत होतं, मी त्यांना ऐकू यावं म्हणून ओरडते. ते रोज माझा राग ऐकत होते. त्यांनी मशीन घातलं त्या चार दिवसांतही आमच्यापैकी कुणी आवाज खाली आणला नव्हता.

सकाळपर्यंत थांबले नाही, तिथंच लिहिलं: 'आता हळू बोला.'

मुंबईच्या जाहिरात कंपनीतल्या मॅडमना आवडलं. कायद्याचं बघणाऱ्यांनी अडवलं. मशीन घातलं तरी प्रत्येकाला हळू बोललेलं ऐकू येईलच असं नाही, तसं वचन देता येणार नाही, म्हणाले. मी चिडले, पण त्यांचं बरोबर होतं. मग 'आता ओरडायला नको' असं केलं.

परदेशातल्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "क्षण कुठं गेला? आणि मशीन घालणाऱ्याऐवजी तुम्ही त्याच्या घरच्यांशी का बोलताय?"

मी आबांची गोष्ट सांगितली. आमच्याकडं मशीन एकाच्या कानात बसतं, पण सवय सगळ्या घराला बदलावी लागते, असंही सांगितलं. मग साहेब म्हणाले, आम्हाला हेच म्हणायचं होतं. काही घरांतून ओळ दाखवून बघितली, मगच ती पक्की झाली.

पक्की झाल्याचं कळलं त्या दिवशी घरी जाऊन आबांच्या हातात कागद दिला. मोठ्या अक्षरांत तेवढीच ओळ. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"खरं?"

मी होकारार्थी मान हलवली.

ते उठले, कपाटातली डबी काढून माझ्यापुढं धरली. मी नवा सेल घालून दिला. त्यांनी मशीन कानात बसवलं.

"बोल आता," ते म्हणाले.

सवयीनं आवाज चढायला लागला होता, तो आवरला. समोर बसून नेहमीच्या आवाजात विचारलं, "आबा, चहा टाकू?"

"टाक की," ते म्हणाले. "म्हंजे तू रागावली नव्हतीस तर."