चौदा दिवसांची मुदत

गल्लीत तिला सगळे शिवणताई म्हणत. कापड सूतभर जरी वाकडं कापलं गेलं, तरी लाकडी पट्टी स्वतःच्याच हातावर मारून घेणारी बाई. नवरा गेला तेव्हा माहेरचे न्यायला आले होते. "म्हाताऱ्याचं त्याच्या मुली बघतील, तू चल," असं ते म्हणाले, आणि तिने त्यांना पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावलं. एकच खोली. एका भिंतीशी मशीन, दुसऱ्या भिंतीशी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची खाट.

खाटेच्या बरोबर वर छताला ओल आली. वरच्या मजल्यावर घरमालक राहायचा आणि त्याच्या न्हाणीचं पाणी खाली झिरपत होतं. ती पहिल्यांदा सांगायला गेली तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्याने दार असं आपटलं, की तिचं बोट चौकटीत चेचलं आणि नख काळंनिळं पडलं. मग ती दर रविवारी स्टुलावर चढून कापडावर खुणा करायच्या खडूने डागाभोवती रेघ ओढायची आणि शेजारी तारीख टाकायची. एकाबाहेर एक अशी चार वर्तुळं झाली. पाचव्या रविवारी खडू टेकवताच प्लास्टरचा ढेकळाएवढा तुकडा सासऱ्यांच्या उशीवर पडला. कानापासून चार बोटांवर.

तिने खाट ओढून मशीनपाशी आणली आणि त्याच दुपारी खाली कार्बन घालून पत्र लिहिलं. गळती कुठल्या तारखेपासून, डाग किती रुंद झाला, आधी दोनदा तोंडी कधी सांगितलं, छतातल्या सळ्या कशा उघड्या पडल्या, सगळं लिहिलं. पत्र मिळाल्यापासून चौदा दिवसांत दुरुस्ती करावी, गवंड्यासाठी रोज दुपारी घर उघडं राहील, नाहीतर पालिकेच्या इमारत विभागात तक्रार करावी लागेल. शेवटी आणखी एक ओळ लिहून तिने सही केली. पत्र रजिस्टरने गेलं आणि पोचपावती मालकाच्या सहीनिशी परत आली.

नवव्या दिवशी सकाळी मालक आला. एका हातात पत्र, दुसऱ्या हातात पहार.

"मला मुदत देतेस? माझ्याच घरात राहून मला?"

"मालक, पूर्ण वाचलंत का?"

"मुदत वाचली, तेवढी पुरे!" त्याने पहार भिंतीला टेकवली आणि पत्राचे टराटरा तुकडे केले. "आता लिहून दे, छत ठणठणीत आहे म्हणून."

"नाही देणार."

तिच्या कानशिलात बसली तेव्हा ती मशीनवर आदळली. ओठ फाटला. मशीन उलटून सासऱ्यांच्या खाटेशी कोसळलं आणि त्याचं चाक तुटलं. एवढ्याने त्या माणसाचं पोट भरेल तर शपथ! त्याने खाटेचा पाय धरला आणि म्हाताऱ्यासकट ती डागाखाली ओढली.

"झोपू दे याला इथेच! बघू काय पडतंय ते!"

म्हातारा ओरडायला लागला. शिवणताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कात्री उचलली आणि मालकाच्या मनगटावर चालवली. रक्त उडालं, पण त्याची मस्ती जिरली नाही. छत मजबूत असल्याचं दाखवायला त्याने पहार उचलून वर रोखली आणि खडूच्या वर्तुळांत दणकन हाणली. एकदा. दुसऱ्यांदा हाणताच वर काहीतरी कडकडलं. तिने कात्री टाकली, खाटेची कड दोन्ही हातांनी धरली आणि जिवाच्या आकांताने मागे खेचली.

खाट सुटली. मालक तिथेच राहिला. अर्धं छत, विटा आणि घाण पाणी, सगळं त्याच्या अंगावर आलं.

धूळ बसली तेव्हा तो ढिगाऱ्याखाली गुरासारखा हंबरत होता. खांद्याचं हाड कातडीबाहेर आलं होतं. क्षणभर तिला वाटलं, पडू दे मेल्याला. खरंच वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. पण हात आधीच विटा उपसत होते. त्याच कात्रीने तिने त्याचा सदरा कापला, जखम घट्ट बांधली आणि दारात जाऊन ॲम्ब्युलन्ससाठी गल्ली डोक्यावर घेतली.

तेराव्या दिवशी मालकाची बायको गवंडी घेऊन खाली आली. मालकाचा उजवा हात पुन्हा चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाईचे डोळे सुजलेले, आवाज मात्र चढा.

"काय एवढं लिहिलं होतंस गं, म्हणून ते पेटून खाली आले?"

शिवणताईने मशीनच्या खणातून कार्बनची प्रत काढून तिच्या हातात दिली. बाई उभ्या उभ्या वाचत गेली. मुदतीशी थांबली, मग पुढे गेली. शेवटची ओळ तिने नकळत मोठ्याने वाचली.

"दुरुस्ती होईपर्यंत बघायला आलात, तर कृपा करून तुम्हीही या डागाखाली उभे राहू नका."